४,३११ रुपये खरंच वाचले का? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

"ताई, सेलवरचा लेख वाचला, पटला नाही. सगळ्यालाच फसवणूक म्हणायची फॅशन झालीय. मी दिवाळी सेलमधे ६,४९५ चा मिक्सर २,९९९ ला घेतला. बँकेची १० टक्क्यांची ऑफर ५,००० च्या वर होती म्हणून २,१४९ चा कुकर टाकला, कार्डावर ५१५ सुटले. वर ३०० कॅशबॅक वॉलेटला आला, १०००च्या वरच्या ऑर्डरला १००-१०० करून तीनदा वापरायचा, महिनाभरात. म्हणजे एकूण ४,३११ वाचले. यात ट्रिक कुठेय ते दाखवा, उगाच लोकांना घाबरवू नका."

दादा, आधी एक बरं केलंत की आकडे दिलेत, नाहीतर लोक नुसतंच "मला तर फायदा झाला बुवा" लिहून जातात आणि मग बोलायचं कशावर. तुमचंच बिल घेऊन बसू या.

फसवणूक झाली असं मी म्हणतच नाहीये. मिक्सर आला, चालतोय, पैसे ठरले तेवढेच गेले. प्रश्न इतकाच आहे की ते ४,३११ कशातून वजा करून आले. त्यातले ३,४९६ तर नुसते एमआरपीतून वजा केलेत तुम्ही, म्हणजे बचतीचा मोठा तुकडा तोच, आणि सगळ्यात पोकळपण तोच.

एमआरपी म्हणजे काय हो? सगळे टॅक्स धरून याच्या वर विकायचं नाही अशी रेघ. वैधमापनशास्त्राच्या नियमांनी ती खोक्यावर छापावी लागते आणि दुकानदार तिच्या वर घेऊ शकत नाही, इतकंच. पण ती रेघ कुठे मारायची ते कंपनी ठरवते, मिक्सरसारख्या वस्तूला ती हवी तेवढी वर मारता येते आणि मारतातच. बिस्किटच्या पुड्याचं वेगळं, तिथे एमआरपी म्हणजेच भाव, १० चा पुडा १० लाच मिळतो. मिक्सर, गाद्या, इयरफोन, ट्रॉली बॅगा, घड्याळं यात बऱ्याच वस्तू एमआरपीला क्वचितच विकल्या जातात. युरोपियन युनियनमधे २०२२ पासून नियम लागू झालाय की सूट जाहीर केली तर आधीच्या ३० दिवसातला सगळ्यात कमी भाव सांगायचा आणि सूट त्याच्यावरून मोजायची. आपल्याकडे खोडलेला आकडा एमआरपीचा असला की झालं, ५४ टक्के ऑफ लिहायला मोकळे.

म्हणून तुलना एमआरपीशी नाही, सेलच्या आधी तीच वस्तू कितीला होती त्याच्याशी करायची. त्यासाठी भावाचा इतिहास दाखवणाऱ्या साइट आहेत, कीपा वगैरे, लिंक टाकली की मागच्या काही महिन्यांचा आलेख येतो. तो बघताना एक खूण लक्षात ठेवा, सेलच्या दोन-तीन आठवडे आधी रेष वर उचलली गेलीय आणि सेलच्या दिवशी पुन्हा होती तिथे आलीय असं दिसलं तर ती सूट नव्हेच. आणि रेष सेलच्या दिवशी सगळ्या महिन्यांच्या खाली गेलेली दिसली तर बिनधास्त घ्या, असेही सेल असतात, मी कुठे नाही म्हणते.

तुम्ही मॉडेल लिहिलं नाहीये त्यामुळे मला तुमचा आलेख बघता येत नाही. समजा सप्टेंबरात हाच मिक्सर ३,२९९ ला होता. मग वाचले ३००. वाईट नाहीत! पण ३,४९६ नाहीत.

(इथे एक चावटपणा असतो तो सांगून ठेवते. ऑनलाइन विकायचं मॉडेल आणि दुकानातलं मॉडेल बरेचदा वेगळं काढतात, नंबरमधे शेवटी एखादं अक्षर जास्त, आत भांडं एक कमी किंवा मोटरची वॉरंटी कमी वर्षांची. मग तुम्ही पुण्याच्या बोहरी आळीत जाऊन विचारलंत तर दुकानदार म्हणणार हे मॉडेल आमच्याकडे येतच नाही. अशा वेळी नंबर सोडा, वॉट, भांडी आणि मोटरची वॉरंटी या तीन गोष्टी सारख्या असलेला मिक्सर कितीला ते विचारा.)

आता कार्डावरचे ५१५. ही सूट खरी, यात वादच नाही, बिलातून तिथल्या तिथे कमी झाले ते पैसे. बँकेला कार्ड वापरून हवं असतं, क्रेडिट कार्डाच्या प्रत्येक पेमेंटमागे विक्रेत्याकडून काही टक्के बँकांकडे जातात, त्यामुळे अशा ऑफरवर खर्च करणं त्यांना परवडतं. पण तुमच्या बिलात ती सूट मिक्सरवर मिळाली की कुकरवर? नुसता मिक्सर घेतला असता तर २,९९९ गेले असते आणि सूट शून्य, कारण ५,००० झालेच नसते. दोन्ही मिळून ५,१४८, वजा ५१५, म्हणजे गेले ४,६३३. यातून २,९९९ काढा, राहिले १,६३४. तुमचा कुकर तुम्हाला १,६३४ ला पडला. बिलावर काहीही छापलेलं असो, निर्णय घ्यायचा आकडा हाच.

आणि मग प्रश्न एकदम सोपा होतो. तसलाच कुकर, तेवढेच लिटर, त्याच कंपनीचा, दुकानात १,७५० ला मिळत असेल तर ११६ वाचले. १,६०० ला मिळत असेल तर सगळी बँक ऑफर धरूनसुद्धा ३४ जास्त गेले. आणि घरात एक चांगला कुकर होताच, हा खोक्यातच माळ्यावर गेला, असं असेल तर ५१५ वाचवायला १,६३४ घातले. तुमच्या घरचं तुम्हाला माहीत, मी काय सांगू. पण "५,००० च्या वर" ही अट बघा कुठे ठेवलेली असते, बहुतेकांची हवी ती एक वस्तू जिथे संपते त्याच्या थोडी वर. ती अट ठेवण्यामागचं कारणच तो कुकर आहे.

कुकर परत करून सूट ठेवू म्हणाल तर तेही बघून घ्या. सूट दोन्ही वस्तूंवर वाटलेली असते, त्यामुळे कुकरचे परत मिळणार १,९३४ च्या आसपास, २,१४९ नाही. आणि काही ऑफरच्या अटीत लिहिलेलं असतं की रिटर्ननंतर रक्कम किमान मर्यादेखाली गेली तर सूट काढून घेऊ.

"पर्यंत" हा शब्दपण इथेच. १० टक्के, १,५०० पर्यंत, असं असेल तर १५,००० च्या वर टक्का घसरायला लागतो, ३०,००० चा टीव्ही घेतलात तर तुमची सूट १० नाही ५ टक्के. जेवण मागवायच्या अ‍ॅपवरचे प्रोमो कोड तर असेच, ५० टक्के ऑफ, १०० पर्यंत, घरच्या चौघांची ६०० ची ऑर्डर गेली की झाली १६-१७ टक्के, त्यात डिलिव्हरी, पॅकिंग, प्लॅटफॉर्म फी जोडून बघा काय उरतं. कोड टाकल्यावर हिरव्या अक्षरातली बचत वाचू नका, सगळ्यात खालचा पे करायचा आकडा वाचा आणि तोच हॉटेलला फोन करून विचारलेल्या भावाशी लावा.

राहिला वॉलेटचा ३००. दादा, हे हातात आलेले पैसे नाहीत. वॉलेटमधे दोन कप्पे असतात, एकात तुम्ही स्वतः टाकलेले पैसे, फुल केवायसी असेल तर ते बँकेत परत पाठवता येतात आणि त्यांना रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे किमान वर्षभराची मुदत असते. दुसऱ्यात कॅशबॅक, पॉइंट, कॉइन काय नाव असेल ते, ते बँकेत जात नाहीत आणि त्यांची मुदत कंपनी ठरवते, तुमची महिन्याची आहे. म्हणजे तुमच्याकडे आहेत ती १० टक्क्यांची तीन कुपनं, १,००० च्या ऑर्डरवरची. पूर्ण ३०० मिळवायला आधी ३,००० ची खरेदी करावी लागणार.

त्याची किंमत किती ते घरबसल्या काढता येतं. तुमची नेहमीची किराणा यादी घ्या, तूरडाळ, तेल, साखर, चहा, साबण, तेच ब्रँड तीच वजनं, आणि अ‍ॅपवर कार्टमधे टाका. समजा अ‍ॅपवर १,०६० झाले आणि तुमच्या कोपऱ्यावरच्या वाण्याकडे तेच ९८०. शंभर वापरले की ९६०, वर १५ हँडलिंग चार्ज, ९७५. त्या शंभराचे खरे झाले ५ रुपये. उलट अ‍ॅपवर यादी वाण्याइतकीच पडत असेल तर शंभरातले ८५ खिशात, मग सोडू नका. फक्त १,००० भरायला म्हणून शेवटी ते पीनट बटर टाकू नका, तोही कुकरच.

यूपीआयवाल्या स्क्रॅच कार्डात हल्ली पैशांऐवजी कुठल्यातरी दुकानाचं कूपनच का निघतं, असं एका ताईंनी खाली विचारलंय, तेही याच्यातच सांगते. जानेवारी २०२० पासून बँक खात्यातून केलेल्या यूपीआय पेमेंटवर दुकानदाराकडून कमिशन घेता येत नाही, मग अ‍ॅपवाले खिशातून रोख किती दिवस वाटणार, त्यापेक्षा दुसऱ्या कंपनीची जाहिरात तुम्हाला बक्षीस म्हणून देणं परवडतं.

घड्याळ लावलेल्या सेलबद्दल तुम्ही काही विचारलं नाहीत, पण मूळ लेख त्याच्यावरच होता म्हणून सांगते. २०१४ मधे शाओमीचे फोन फ्लिपकार्टवर काही सेकंदात संपायचे, तो खरा फ्लॅश सेल, माल मोजका आणि भाव ठरलेला, आणि गंमत म्हणजे त्यात सूट अशी नव्हतीच. आता काही साइटवर उलटं घड्याळ चालू असतं त्यामागे काहीच नसतं. बघायचं असेल तर पान बंद करा, इनकॉग्निटोमधे परत उघडा, किंवा वेळ संपू द्या आणि अर्ध्या तासाने या. घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं असेल तर समजायचं ते. असली खोटी घाई नोव्हेंबर २०२३ च्या डार्क पॅटर्नच्या, म्हणजे ग्राहकाला चकवणाऱ्या डिझाइनच्या, सरकारी मार्गदर्शक तत्त्वांमधे नाव घेऊन यादीत घातलीय, कार्टमधे न विचारता वस्तू घुसवणं आणि शेवटच्या पायरीला चार्जेस काढणं पण त्याच यादीत आहे. स्क्रीनशॉट काढून १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला तक्रार करता येते.

तर तुमचा हिशोब माझ्या समजांवर धरला तर मिक्सरचे ३००, कुकर हवाच होता असेल तर ११६, आणि कॅशबॅकचे ५ पासून अडीचशेपर्यंत काहीही. मिक्सरचं मॉडेल आणि कुकर किती लिटरचा ते खाली लिहा, खरे आकडे टाकून परत मांडते, माझे समज चुकीचे निघाले आणि तुमचे जास्त वाचले असतील तर तेही इथेच लिहीन. आणि कॅशबॅकची मुदत वॉलेटमधे बघून घ्या आज, तारीख ऑर्डरच्या दिवसापासून धरतात की डिलिव्हरीच्या ते प्रत्येकाचं वेगळं असतं, तेल लागणारच असेल तर या आठवड्यात त्यावर मागवून टाका.