व्हॉल्व्ह ओढून काढायचा नसतो

"घशाचे ऑपरेशन होऊन मानेला भोक असलेल्यांसाठी महत्त्वाचे!! १) बोलायचा व्हॉल्व्ह गळू लागला, पाणी पिताना ठसका आला की चिमट्याने ओढून काढा, भोक आपोआप बुजते, हजारो रुपये वाचतात. २) पेशंटला दम लागला तर मानेचे भोक झाकून तोंडावर ऑक्सिजन लावा. ३) कुंभात रामकुंडावर डुबकी घेताना भोकावर ओला रुमाल घट्ट बांधा, पाणी जात नाही. ४) रोज दही-ताक घ्या, व्हॉल्व्ह कधीच बदलावा लागत नाही. सर्व ग्रुपवर पाठवा."

हा मेसेज आमच्या मामांच्या फोनवर आला. त्यांच्या मानेत खरोखरच तो व्हॉल्व्ह आहे, आणि मामींनी चिमटा उकळून तयार ठेवला होता. म्हणून पहिल्या मुद्द्यावर जास्त लिहितो.

स्वरयंत्र पूर्ण काढल्यावर श्वासनळीचं वरचं टोक मानेच्या कातडीला शिवतात. माणूस तिथूनच श्वास घेतो. त्या भोकातून आत पाहिलं की मागच्या भिंतीत सिलिकॉनचा छोटा व्हॉल्व्ह दिसतो. ही भिंत श्वासनळी आणि अन्ननलिका यांच्यामधली. श्वास सोडताना मानेचं भोक अंगठ्याने क्षणभर दाबलं की हवा व्हॉल्व्हची पडदी उघडून अन्ननलिकेत जाते, तिथला वरचा भाग थरथरतो आणि आवाज निघतो. उलट बाजूने, म्हणजे अन्ननलिकेतून श्वासनळीकडे, पडदी काही येऊ देत नाही. व्हॉल्व्ह काढला की उरतं ते दोन्हीकडून उघडं छिद्र. मग पाणी, जेवण, इतकंच काय, दिवसभर गिळली जाणारी लाळसुद्धा थेट फुप्फुसात उतरते. त्यातून न्यूमोनिया होतो.

छिद्र बुजतं हे अर्धं खरं आहे, आणि घात तिथेच होतो. काही तासांतच ते इतकं आकसतं की नवा व्हॉल्व्ह सहज बसत नाही. ते रुंद करावं लागतं, कधी नव्याने पाडावं लागतं. पण लाळ थांबेल इतकं ते लगेच मिटेल याची खात्री नसते. रेडिएशन झालेलं असेल तर ते कित्येकदा बुजायलाच तयार नसतं. शिवाय व्हॉल्व्हला दोन्ही बाजूंना कडा असतात. घरच्या चिमट्याने ओढताना तो तुटू शकतो किंवा सुटून श्वासनळीत पडू शकतो.

मग गळती झाली तर करायचं काय? समजा, सकाळी चहाच्या घोटाबरोबर खोकला आला. आधी सरळ बसा आणि व्हॉल्व्हचा ब्रश घ्या. तो व्हॉल्व्हच्या छिद्रात सरळ घालून फिरवा, मागेपुढे करा, बाहेर काढून पुसा आणि ब्रश स्वच्छ निघेपर्यंत हेच करा. काडी किंवा कापूस गुंडाळलेलं काहीही आत घालू नका, तंतू आत राहतात. त्यानंतर आरशासमोर टॉर्च धरून, किंवा घरच्या कोणाला बघायला सांगून, दुधाचा एक छोटा घोट घ्या. पांढरा थेंब कुठून येतो ते पाहायचं.

थेंब व्हॉल्व्हच्या मधोमध आला तर पडदी नीट मिटत नाही. अन्नाचा कण अडकला असेल तर ब्रशने काम झालं. तरीही गळत असेल तर बहुधा पडदीवर कँडिडा बुरशीचा थर बसला आहे आणि व्हॉल्व्ह बदलायची वेळ आली आहे. अपॉइंटमेंट मिळेपर्यंत त्या मॉडेलचं बूच मिळतं. ते लावून जेवता येतं, फक्त लावलेलं असताना बोलता येत नाही. थेंब व्हॉल्व्हच्या कडेने आला तर गोष्ट वेगळी. व्हॉल्व्ह लांबीला मोठा पडून पुढेमागे हलतोय किंवा छिद्र सैल झालंय. व्हॉल्व्ह वेगवेगळ्या लांबीचे असतात, एका प्रचलित प्रकारात ४.५ पासून १५ मिलिमीटरपर्यंत. ऑपरेशननंतरची सूज उतरली की आधीचा माप मोठा पडणं नेहमीचंच. इथे बूच लावून उपयोग नाही, नवीन माप घ्यावं लागतं. कान-नाक-घसा विभागात फोन करताना "मधून गळतंय" की "कडेने गळतंय" एवढं सांगितलं तरी समोरच्याला कशाची तयारी ठेवायची ते कळतं.

आणि व्हॉल्व्ह आपोआप निघालाच तर खाणं-पिणं ताबडतोब बंद, लाळ थुंकून टाकायची. ज्यांना शिकवलेलं आहे त्यांनी घरी ठेवलेली रबरी नळी छिद्रातून अन्ननलिकेच्या दिशेने खाली सरकवून चिकटपट्टीने पक्की करायची, म्हणजे छिद्र आकसत नाही. त्याच दिवशी हॉस्पिटल. निघालेला व्हॉल्व्ह सापडला नाही तर तो फुप्फुसात गेला असेल असं धरून डॉक्टरांना पहिल्यांदा तेच सांगायचं.

खर्चाचं दुखणं मात्र खरं आहे. आयात व्हॉल्व्ह हजारोंच्या घरात जातो. पण न्यूमोनियाने आयसीयूत पडल्यावर होणारं बिल त्यापेक्षा लहान नसतं.

दुसरा मुद्दा तर जीवच घेईल. या माणसाच्या नाका-तोंडाचा फुप्फुसाशी काही संबंध उरलेला नाही. तोंडावर लावलेला ऑक्सिजन पोहोचतच नाही, आणि भोक झाकलं म्हणजे श्वास बंद केला. गोंधळ होतो तो साध्या ट्रॅकिओस्टॉमीमुळे, म्हणजे श्वासासाठी मानेतून श्वासनळीत पाडलेल्या भोकामुळे. तिथे स्वरयंत्र जागेवर असल्याने वरूनही थोडी हवा जाऊ शकते. ब्रिटनच्या नॅशनल ट्रॅकिओस्टॉमी सेफ्टी प्रोजेक्टने २०१२ मध्ये 'ॲनेस्थेशिया' या नियतकालिकात आणीबाणीची पद्धत छापली. त्यांनी या दोन प्रकारच्या पेशंटसाठी दोन वेगळे तक्ते केले, ते याचसाठी. स्वरयंत्र काढलेल्यांच्या तक्त्यात ऑक्सिजन मानेच्या भोकावर द्यायचा आहे, लहान मुलांचा मास्क तिथे दाबून. आधी भोकावरची गाळणी किंवा रुमाल काढायचा, नळी असेल तर आतली नळी काढून बघायची, कफ अडकला असेल तर सक्शन करायचं. बोलायचा व्हॉल्व्ह काढू नका, हेही तिथे स्पष्ट लिहिलेलं आहे. १०८ला फोन केला तर पहिलं वाक्य हेच सांगा: "पेशंट फक्त मानेतून श्वास घेतो." तोंडाने श्वास द्यायची वेळ आली तर तुमचे ओठ त्याच्या मानेच्या भोकावर.

रामकुंडाबद्दल. तुमच्या-आमच्या घशात पाणी गेलं तर स्वरयंत्र झटकन मिटतं. यांच्याकडे तेच नाही, गोदावरीचं पाणी सरळ आत जाईल. ओला रुमाल घट्ट बांधला तर हवाही अडते आणि पाणी तर झिरपतंच. २०२७च्या सिंहस्थात कुणाला स्नानाची इच्छा असेल तर पायरीवर बसावं, भोकावर कोरडं आवरण ठेवावं आणि तांब्याने छातीच्या खालीच पाणी घ्यावं. कंबरेच्या वर पाण्यात उतरू नये, घाटावरच्या गर्दीत एक धक्का पुरतो.

दही-ताकाचं काही अंशी मान्य करतो. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगनच्या संशोधकांनी दुग्धजन्य पदार्थांचा व्हॉल्व्हवरच्या थरावर काय परिणाम होतो हे प्रयोगशाळेत तपासलं आहे, आणि ताकासारख्या पदार्थांनी थर काही प्रमाणात सुटतो असं त्यांना दिसलं. तेव्हा ताक प्यायला हरकत नाही. पण सकाळी, रात्री आणि जेवणानंतरचा ब्रश त्याने चुकत नाही, आणि सिलिकॉन कायमचं टिकत नाही. बोलायला पूर्वीपेक्षा जोर लागायला लागला, किंवा ब्रश करूनही मधोमध थेंब दिसला, तर ताकाचा दुसरा पेला भरू नका, व्हॉल्व्ह बदलून घ्यायची तारीख घ्या.