एप्रिलचा पावसाचा आकडा कसा वाचावा

एप्रिलच्या मध्यात भारतीय हवामान विभाग मान्सूनचा पहिला दीर्घ पल्ल्याचा अंदाज जाहीर करतो, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्तमानपत्रांत एकच आकडा झळकतो. माझे स्पष्ट मत आहे की त्या आकड्याखालचा संभाव्यतेचा तक्ता, म्हणजे पाऊस तुटीपासून अतिरिक्तपर्यंतच्या कोणत्या गटात बसण्याची शक्यता किती हे सांगणारा तक्ता, अधिक महत्त्वाचा असून तो छापला जात नाही, हे वाचकांचे नुकसान आहे.

2007 पासून अनेक वर्षे हा अंदाज प्रामुख्याने सांख्यिकी पद्धतीने काढला जाई. एप्रिलसाठी पाच घटक पाहिले जात. त्यांत फेब्रुवारीतील दक्षिण हिंद महासागराच्या विषुववृत्तीय भागाचे तापमान, जानेवारीतील वायव्य युरोपच्या जमिनीवरील हवेचे तापमान आणि प्रशांत महासागराच्या पृष्ठभागाखाली साठलेल्या उबदार पाण्याचे प्रमाण यांचा समावेश होता. जूनच्या सुधारित अंदाजात मे महिन्यापर्यंतची निरीक्षणे येत, म्हणून अपेक्षित त्रुटी पाच टक्क्यांवरून चारवर येई. 2021 पासून महासागर आणि वातावरण एकत्र चालवणाऱ्या अनेक संगणकीय प्रारूपांचा एकत्रित अंदाज वापरला जातो. मूळची अडचण मात्र कायम आहे. एल निनो पुढे बळावेल की विरेल, हे मार्च ते मे या काळात ओळखणे सर्वांत कठीण असते.

म्हणूनच जूनच्या अंदाजाला मी अधिक वजन देतो. 2015 मध्ये एप्रिलचा अंदाज सरासरीच्या 93 टक्के होता, जूनचा 88, आणि प्रत्यक्ष पाऊस 86 टक्के झाला.

2019 मध्ये मात्र जूनची सुधारणाही उपयोगी पडली नाही. दोन्ही वेळा अंदाज 96 टक्के होता. जून महिना तर देशभरात सुमारे एक तृतीयांश तुटीचा गेला, आणि तरीही हंगाम संपला तेव्हा पाऊस 110 टक्के झाला होता, कारण जुलैनंतर एल निनो ओसरला, हिंद महासागराचा पश्चिम भाग पूर्वेपेक्षा असाधारण तापला आणि सप्टेंबरमध्ये सरासरीच्या दीडपट पाऊस कोसळला. त्या एप्रिलच्या तक्त्यात सरासरीहून जास्त आणि अतिरिक्त या दोन गटांना मिळून 12 टक्के शक्यता दिली होती, जी एरवी सुमारे 33 टक्के असते. याचा अर्थ असा की शक्यता कमी मानली होती, नाकारलेली नव्हती.

शिवाय हा आकडा संपूर्ण देशाचा आणि चार महिन्यांच्या बेरजेचा असतो. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूर पाण्याखाली जाईल, हे त्यातून कळणे शक्यच नव्हते. चारा आणि धरणातील पाण्याच्या नियोजनासाठी त्याचा उपयोग जरूर करावा, परंतु पेरणीची तारीख त्यावर ठरवू नये. त्यासाठी दर गुरुवारी निघणारा पुढील चार आठवड्यांचा अंदाज पाहावा, आणि त्यातही पहिल्या दोन आठवड्यांवरच अधिक भर द्यावा.