शाल, श्रीफळ आणि बादली

ओल्या कचऱ्यापासून घरच्या बादलीत खत करायची कार्यशाळा सोसायटीत 'उत्साहात संपन्न' झाली. हे शब्द सेक्रेटरी काकांचे. त्यांनी वृत्तान्त लिहिला आणि "ग्रुपवर टाकायचाय, जरा नजर फिरव" म्हणून माझ्याकडे पाठवला.

पहिल्या परिच्छेदात दीपप्रज्वलन, दुसऱ्यात शाल-श्रीफळ, तिसऱ्यात अध्यक्षांचं मनोगत. खताबद्दल एकच वाक्य होतं: 'मार्गदर्शकांनी मौलिक मार्गदर्शन केले.' बटाटेवड्यांना मात्र तीन ओळी. लांबलचक मेसेज व्हॉट्सअ‍ॅप मध्येच कापतं आणि पुढचं 'अधिक वाचा'खाली ढकलतं. म्हणजे लोकांना समई दिसणार, बादली नाही.

मार्गदर्शक बाईंनी सांगितलेलं सगळं माझ्या वहीत होतं. त्यातलं काय ठेवायचं? मी लिफ्टमध्ये भेटेल त्याला विचारत सुटलो, "घरी जाऊन काय केलंत?" बहुतेकांनी दोनच गोष्टी सांगितल्या, एक वासाची आणि एक मुठीची. जे लोकांनी न विचारता करून पाहिलं तेच ठेवलं, बाकीचं वहीत राहिलं.

मग पोस्ट अशी झाली:

'बादलीला कुजका वास येतोय? आत हवा पोचत नाहीये. मूठभर सुका पालापाचोळा टाका आणि तळापासून हलवा. दुसरं, खत मुठीत घट्ट दाबा. धार लागली तर ओलं फार, भुगा झाला तर पाणी शिंपडा, लाडू वळला आणि जेमतेम थेंबभर पाणी सुटलं तर उत्तम. आज मूठ दाबा आणि एकच शब्द कळवा: धार, लाडू की भुगा?'

आधी शेवटी 'आपले अनुभव जरूर कळवा' असं होतं. त्याला आमच्याकडे फक्त हात जोडलेले येतात. अनुभव लिहायला बसावं लागतं. 'भुगा' काय, कुकरच्या दोन शिट्ट्यांमध्येही लिहून होतो.

काका वाचून गप्प झाले. "शाल कुठाय?" मी म्हटलं, सत्काराचा फोटो खाली जोडू. "आणि अध्यक्ष?" तेही फोटोत आहेत, काका. "डोळे मिटलेत त्यांचे." मनोगत चालू असताना आम्हा सगळ्यांचेच मिटले होते, पण हे मी बोललो नाही.

एक खबरदारी घेतली. पहिलं उत्तर 'लाडू' आलं असतं, तर धारवाले लाजून गप्प बसले असते. म्हणून तिसऱ्या मजल्यावरच्या जोशीकाकूंना आधीच गाठलं. त्यांच्या बादलीची अवस्था जिन्यात सगळ्यांना वासावरून ठाऊक होती. त्यांनी पोस्टखाली लगेच लिहिलं, 'धार.'

त्याखाली दुसऱ्या मजल्यावरून आलं, 'आमच्या वाळत घातलेल्या चादरीवर.'