गेले, गेले, गेला: जोर नेमका कुठे द्यायचा?

माझी भाची सातवीत आहे. शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेसाठी तिला तीन मिनिटांचा मराठी उतारा हवा होता, विषय अहिल्याबाई. इंदुरात दुसरा कुठला विषय असणार! उतारा मी लिहून दिला. चार दिवसांनी ती तोच कागद घेऊन आली, तेव्हा जवळजवळ प्रत्येक शब्दाखाली लाल रेघ होती आणि समासात 'जोशात', 'दुःखाने', 'अभिमानाने' असं लिहिलेलं होतं. कुणीतरी प्रेमानेच करून दिलं होतं. पण वाचून दाखवताना पोरगी पहिल्या ओळीपासून ओरडत होती आणि चौथ्या ओळीला तिचा श्वास संपला.

सध्या आपल्याकडच्या पुष्कळ घरांत हीच तयारी चालू आहे, म्हणून सविस्तर लिहिते आहे. वाचनाच्या संहितेवर खुणा करताना सुरुवात विरामापासून करावी, असं माझं ठाम मत आहे. थांबायचं कुठे हे बरोबर ठरलं की निम्मा जोर आपोआप जागेवर बसतो. भाव सगळ्यात शेवटी. आपण नेमकं उलटं करतो.

उताऱ्यातल्या चारच ओळी घेते.

१७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव गेले. १७६६ साली सासरे मल्हारराव गेले. आणि पुढच्याच वर्षी मुलगा मालेरावही गेला. अहिल्याबाईंनी डोळे पुसले आणि राज्याची सूत्रं हाती घेतली.

पहिली अडचण आकड्यांची. आपली मुलं शाळेत दिवसभर हिंदी-इंग्रजीत असतात. '१७५४' दिसलं की तोंडातून 'सत्रह सौ चौवन' येतं, नाहीतर सरळ इंग्रजी. 'सहासष्ट' आणि 'सदुसष्ट' तर घरीही कुणी फारसं म्हणत नाही. म्हणून वाचायच्या कागदावर आकडा ठेवायचाच नाही, 'सतराशे चोपन्न' असं अक्षरी लिहायचं. स्टेजवर अर्धा क्षण आकड्याचं भाषांतर करण्यात गेला की पुढचं सगळं वाक्य घसरतं.

मग कागदावर एका ओळीत एका दमाचे शब्द, अक्षर मोठं, दोन ओळींत भरपूर जागा. तिरकी रेघ एक असेल तर मनात 'एक' म्हणण्याएवढं थांबायचं, दोन असतील तर 'एक, दोन'. श्वास फक्त दोन रेघांवर घ्यायचा. जोराच्या शब्दाखाली आम्ही पेन्सिलीने रेघ मारतो, इथे तो शब्द कंसात टाकते.

सतराशे चोपन्न साली / कुंभेरीच्या वेढ्यात / [पती] खंडेराव गेले //
सतराशे सहासष्ट साली / [सासरे] मल्हारराव गेले //
आणि [पुढच्याच] वर्षी / [मुलगा] मालेरावही गेला //
//
अहिल्याबाईंनी / डोळे पुसले //
आणि राज्याची सूत्रं / [हाती] घेतली

लाल रेघांत सगळ्यात ठळक 'गेले, गेले, गेला' यांच्याखालच्या होत्या. दुःखाचा शब्द तोच, म्हणून जोर त्यावर, असं कुणालाही वाटेल. पण दुसऱ्यांदा 'गेले' येतं तेव्हा ऐकणाऱ्याला ते आधीच कळलेलं असतं. नवीन काय आहे? आधी नवरा, मग सासरे, मग मुलगा. जे बदलतंय त्यावर जोर द्यायचा, जे तेच राहतंय ते हलकं सोडायचं. भाचीला मी दोन्ही तऱ्हांनी वाचून दाखवलं आणि विचारलं, "कोण कोण गेलं ते कशात कळलं?" ती लगेच म्हणाली, "मावशी, दुसऱ्यात. पहिल्यात नुसतं गेले-गेले ऐकू येत होतं."

एका ओळीत शक्यतो एकच जोर. तिसऱ्या ओळीत मी दोन ठेवले, कारण एका वर्षाच्या आत हे घडलं ही गोष्टही तितकीच मोठी आहे. त्याहून जास्त रेघा झाल्या तर एकही ऐकू येत नाही. थोरल्या भाचीच्या वेळी मीच प्रत्येक विशेषणाखाली रेघ मारून दिली होती आणि तिचं वाचन सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच पट्टीत झालं. ती चूक माझी होती, तिची नाही.

'पुढच्याच' या शब्दाकडे जरा थांबून बघा. यात दोन च आहेत आणि दोघांचा उच्चार वेगळा आहे. 'च्या'मधला च 'चिमणी'तल्यासारखा, शेवटचा च 'चमचा'तल्या पहिल्या च सारखा, जीभ दातांमागे लावून. इंदूरची मुलं हिंदीच्या सवयीने दोन्ही 'चिमणी'तलेच म्हणतात. परीक्षक मराठी असतील तर हे त्यांच्या कानाला पहिल्या मिनिटातच खटकतं. अशा दाताच्या च-ज खाली मी एक टिंब देते. आणि जोर द्यायचा तो 'पुढच्या'वर, शेवटचा च हलकाच. 'पुढच्याच्च' असं ताणलं की भांडण वाटतं. 'मालेरावही'तल्या 'ही'चंही तसंच.

तिसऱ्या ओळीनंतरचा लांब विराम सगळ्यात अवघड. मुलांना शांतता म्हणजे विसरणं वाटतं, म्हणून ती घाईने पुढे जातात. भाचीला मी सांगितलं की इथे तोंड मिटायचं, श्वास नाकाने घ्यायचा, नजर कागदावर न्यायची नाही. मनात चारपर्यंत मोजायचं. नजर खाली गेली की समोरच्यांना वाटतं पोर अडकलं. नजर समोर असली तर तेच चार आकडे ऐकणाऱ्यांना तिन्ही मृत्यू पुन्हा आठवायला पुरतात.

भावासाठी समासात भावाचं नाव लिहायचं नाही, काय करायचं ते लिहायचं. 'दुःखाने' वाचलं की मूल आवाज थरथरवतं. त्याऐवजी 'हळू, सपाट' लिहा. 'डोळे पुसले' इथे मी 'आवाज स्थिर' लिहिलं आहे. अहिल्याबाईंनी डोळे पुसले आहेत, मग सांगणारीने का रडावं? ती निवेदक आहे, अहिल्याबाईंची भूमिका करत नाही. उताऱ्यात कुणाचा संवाद असता तर गोष्ट वेगळी.

खुणा बरोबर पडल्या की नाही हे कसं कळतं? मोबाईल हॉलच्या दुसऱ्या टोकाला ठेवून रेकॉर्ड करा आणि फक्त वाक्यांचे शेवटचे शब्द ऐका. 'घेतली'चं नुसतं 'घेत' ऐकू आलं तर श्वास कमी पडला आहे. अशा वेळी "शेवट मोठ्याने म्हण" सांगून उपयोग नाही, आधीच्या ओळीत श्वासाची जागा मागे आणावी लागते. आमचा पूर्ण उतारा २६० शब्दांचा. पहिल्यांदा तो २ मिनिटं ५ सेकंदांत संपला होता, आता २ मिनिटं ४० सेकंद लागतात. उरलेले २० सेकंद मुद्दाम मोकळे ठेवले आहेत. स्टेजवर गेल्यावर विराम थोडे लांबतातच, आणि वेळेची घंटा शेवटच्या वाक्यात वाजायला नको.

हा खुणांचा कागद सरावापुरताच आहे. तो शेवटपर्यंत हातात राहिला तर मूल अर्थाऐवजी रेघा वाचत राहतं. म्हणून दर दोन दिवसांनी पाठ झालेल्या खुणा आम्ही खोडत गेलो. काल रात्रीच्या कागदावर तीनच उरल्या आहेत: 'पुढच्याच'खालचं टिंब, मालेरावनंतरच्या रेघा, आणि 'हाती'खालची पेन्सिल.