आपण, आम्ही आणि टँकरचे पैसे

घोडबंदर रस्त्यावरच्या आमच्या सोसायटीत (हे तुम्हाला सांगते आहे म्हणून ‘आमच्या’, शेजारणीशी बोलताना मी ‘आपल्या’ म्हणाले असते) आज लिफ्टमध्ये एक सूचना लागली. मूळ मसुदा इंग्रजीत होता आणि त्यातल्या तिन्ही वाक्यांचा कर्ता एकच, ‘वुई’. मराठीत ते असे उतरले: ‘आपण मेअखेरपर्यंत टँकर मागवण्याचे ठरवले आहे. आम्हाला दरमहा ६०० रुपये भरावे लागतील. होणाऱ्या गैरसोयीबद्दल आपण दिलगीर आहोत.’

म्हणजे ठरवले आम्ही रहिवाशांनी, पैसे भरणार कमिटी आणि दिलगिरीत पुन्हा आमचा वाटा! तीनही ठिकाणी नेमके उलटे झाले आहे.

लग्नानंतरची दोन वर्षे माझ्या सासूबाई ‘आमच्याकडे कटाच्या आमटीत गूळ घालतात’ असे म्हणत असत. त्या ‘आमच्याकडे’मध्ये मी नव्हते, आणि हे मला कोणी समजावून सांगावे लागले नाही.

भाषांतर करणाऱ्याने प्रत्येक ‘वुई’पाशी थांबून एवढेच विचारायचे असते की, ज्याला हे सांगतो आहोत तो यात आहे का? टँकरचा निर्णय कमिटीने घेतला, म्हणून तिथे ‘आम्ही’. पैसे कमिटीसह सर्वांनाच भरायचे आहेत, म्हणून ‘आपल्या सर्वांना’. दिलगिरी कमिटीची, म्हणून पुन्हा ‘आम्ही’. एकाच परिच्छेदात सर्वनाम दोनदा बदलले म्हणून इंग्रजी शाळेत शिकलेल्यांना ते गबाळे वाटते, आणि मग सगळीकडे एकच शब्द ठोकून देण्याचा मोह होतो. इथे तर तेही धड केलेले नाही.

‘आपण’ हा शब्दही निसरडा आहे, हे मान्य करते. तो आदरार्थी ‘तुम्ही’ही असतो. ‘आपण ठरवतो’ आणि ‘आपण ठरवता’ यांतला फरक क्रियापद दाखवते. पण ‘आपण ठरवले आहे’ यात क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलतच नाही, त्यामुळे ‘तुम्ही ठरवलेत’ असाही अर्थ निघतो, आणि चौथ्या मजल्यावरच्या काकांनी तोच काढून ‘मी कधी ठरवले?’ म्हणून सकाळीच भांडण काढले. अशा वेळी ‘आपण सर्वांनी मिळून’ असे लिहावे, अर्थात खरोखर मिळून ठरवले असेल तरच.

हिंदीत एका ‘हम’वर सगळे भागते, हेही खरे. भागू दे. संविधानाच्या उद्देशिकेत ‘आम्ही, भारताचे लोक’ आहे आणि ते योग्यच वाटते, कारण तिथे बोलणारे सारे भारतीयच आहेत. ऐकणारा कोणी वेगळा भारतीय समोर उरत नाही.

आता राग ओसरला आहे. सूचना मी पेनाने दुरुस्त केली, त्यावर कमिटी काय म्हणेल ते म्हणो. तिसऱ्या वर्षी होळीला सासूबाई शेजारणीला म्हणाल्या, ‘आमच्याकडे गूळ घालतात,’ आणि माझ्याकडे वळून, ‘आपल्याकडे किती घालतात गं?’ मी गुळाचा डबा शोधायच्या निमित्ताने आत गेले.