एसपीआय हिरवा, तारीख लाल: एका प्रतिक्रियेला उत्तर

वाचकाची प्रतिक्रिया: "लेख पटला नाही. हिरवा-पिवळा-लाल ठरवायला एसपीआय आहे ना! ०.९५ च्या वर हिरवा, ०.८५ पर्यंत पिवळा, त्याखाली लाल. आकडा सगळ्यांना सारखाच दिसतो. तुम्ही म्हणता तसं 'पुढचा अंदाज' धरला तर मॅनेजर हवा तो रंग लावेल. व्याख्या लिहून काय होणार?"

नमस्कार. त्या लेखात मी म्हटलं होतं की प्रोजेक्टच्या रिपोर्टमधला हिरवा-पिवळा-लाल रंग आजच्या आकड्यावरून नाही, तर शेवट कुठे जाईल या अंदाजावरून ठरवावा आणि प्रत्येक रंगाची व्याख्या आधी लिहून घ्यावी. तुमचा एसपीआय म्हणजे आजपर्यंत झालेल्या कामाची बजेटमधली किंमत भागिले आजपर्यंत व्हायला हव्या असलेल्या कामाची किंमत. मीही काही वर्षं याच आकड्यावर रंग लावत होतो. तो का सोडला, ते एका प्रोजेक्टवरून सांगतो.

गाड्यांचे सुटे भाग बनवणारा एक कारखाना. तीन गोदामांत बारकोडवर चालणारी स्टॉकची सिस्टिम बसवायची होती. बजेट ८० लाख. सिस्टिम १ एप्रिललाच सुरू व्हायला हवी होती, कारण नव्या आर्थिक वर्षाचा ओपनिंग स्टॉक तिच्यातूनच घ्यायचा होता. आधी एक कंटाळवाणं काम होतं: १४,००० आयटम कोड साफ करणं. एकाच बोल्टला तीन कोड, कुठे एकक किलो तर कुठे नग, असा सगळा पसारा. आठवड्याला १,४०० कोड आणि १० आठवडे असा हिशोब होता. त्यानंतर ट्रायल रन, आणि दोन्हींच्या मध्ये दोन आठवड्यांची मोकळी जागा.

तीन आठवड्यांनी पाहिलं तर वेग आठवड्याला ९०० होता. व्हायला हवे होते ४,२००, झाले होते २,७००. आता तुमचा एसपीआय काढू. त्या दिवसापर्यंत एकूण ३२ लाखांचं काम व्हायचं होतं. कोड साफ करण्याचं सगळं काम बजेटमध्ये जेमतेम ४ लाखांचं, त्यामुळे तिथली तूट सुमारे ४३,००० रुपयांची. स्कॅनर, वायफाय, सर्व्हर ही महागडी कामं वेळेवर झालेली. म्हणजे ३१.५७ भागिले ३२, एसपीआय ०.९९. रिपोर्टवर हिरवागार ठिपका.

तारखेचं काय? उरलेले ११,३०० कोड ९०० च्या वेगाने साडेबारा आठवडे खाणार होते आणि हातात होते सात. मोकळे दोन आठवडे वजा केले तरी १ एप्रिल साडेतीन आठवड्यांनी हुकत होता. ज्या कामावर तारीख टांगलेली असते ते बऱ्याचदा पैशांत किरकोळ असतं, आणि एसपीआय कामाचं वजन पैशांत करतो. शिवाय प्रोजेक्ट संपायला आला की एसपीआय आपोआप १ कडे सरकतो, कारण उशिरा का होईना सगळं काम पूर्ण होतं. तीन महिने रखडलेला प्रोजेक्टही शेवटच्या रिपोर्टात १ दाखवतो. खर्चाच्या बाजूचा सीपीआय, म्हणजे झालेल्या कामाची बजेटमधली किंमत भागिले त्यावर खरा झालेला खर्च, असा आपोआप सुधारत नाही, म्हणून तो मी आजही रिपोर्टात ठेवतो. रंग मात्र त्यावरून ठरवत नाही.

आता व्याख्या. सुरुवातीलाच स्पॉन्सरकडून, म्हणजे प्रोजेक्टचा पैसा आणि मोठे निर्णय ज्यांच्या हातात असतात त्यांच्याकडून, सवलत लिहून घ्यायची: तारीख किती हलली तर चालेल, खर्च किती वाढला तर चालेल. या प्रोजेक्टात तारखेला सवलत शून्य होती आणि खर्चाला ८ लाख. सध्याच्या वेगाने शेवट या सवलतीत बसत असेल तर हिरवा. बसत नसेल, पण मॅनेजरकडे स्वतःच्या अधिकारात करता येईल असा उपाय असेल, तर पिवळा. मग शेजारी उपाय आणि कोणत्या तारखेला पुन्हा हिरवा होईल ते लिहायलाच हवं. ती तारीख हिरवा न होता उलटली, तर पिवळ्याचा लाल होतो. मुदत नसलेला पिवळा सहा-सहा महिने तसाच राहतो आणि शेवटी त्याकडे कुणी पाहत नाही. लाल म्हणजे उपाय स्पॉन्सरच्याच हातात आहे. तिथे कोणता निर्णय, कोणत्या दिवसापर्यंत हवा, ते एका वाक्यात लिहायचं.

आमच्या गोदामात आणखी दोन अनुभवी स्टोअरकीपर मिळाले असते तर वेग १,५०० वर गेला असता. उरलेलं काम साडेसात आठवड्यांत, म्हणजे अर्धा आठवडा उशीर, आणि तो मोकळ्या दोन आठवड्यांत मुरला असता. पण ती माणसं प्लांटची होती, माझी नव्हती. म्हणून रंग लाल. शेजारी लिहिलं: "प्लांटमधून दोन स्टोअरकीपर आठ आठवड्यांसाठी, निर्णय शुक्रवारपर्यंत." प्लांट हेडने गुरुवारी होकार कळवला आणि त्याच दिवशी रंग पिवळा केला. नवा वेग दोन आठवडे टिकला, मग हिरवा.

ही व्याख्या मी आधीच केली होती असं नाही. त्याच कारखान्यात पहिल्या बैठकीत मी रंगांचा अर्थ तोंडी सांगितला, सगळ्यांनी माना डोलावल्या. पुढच्याच रिपोर्टात एक पिवळा ठिपका होता. फायनान्स हेडनी तो पाहून पुढचं पेमेंट थांबवलं. प्लांट हेड म्हणाले, "पिवळा म्हणजे चाललंय की काम!" ठिपका एकच, आकडा एकच, आणि दोघांनी केलं अगदी उलट. तुमच्या मताशी माझा खरा मतभेद इथे आहे. ०.९१ हा आकडा दोघांना सारखाच दिसेल, पण तो पाहून करायचं काय, हे आकडा सांगत नाही.

तेव्हापासून पहिला रिपोर्ट जाण्याआधी एक छोटी चाचणी घेतो. तीन प्रसंग कागदावर लिहून तेच प्रत्येक स्पॉन्सरला स्वतंत्रपणे देतो. उदाहरणार्थ, "व्हेंडर दोन आठवडे मागे आहे, मॅनेजरने त्याच्याकडून जादा माणूस घेतला आहे, शेवटची तारीख हललेली नाही." रंग लिहा आणि तुम्ही काय कराल ते लिहा, एवढंच विचारतो. रंग जुळले पण दुसरं उत्तर जुळलं नाही, तर व्याख्या अजून कच्ची आहे. मग दोघांना एकत्र बसवून तोच प्रसंग बोलतो आणि वाक्य दुरुस्त करतो. अर्ध्या तासाचं काम आहे. वर जी व्याख्या दिली तिच्यातला "स्वतःच्या अधिकारात" हा शब्दप्रयोग अशाच एका चाचणीतून आला.

मॅनेजर हवा तो रंग लावेल, ही तुमची भीती खरी आहे. त्यावर माझ्याकडे एकच इलाज आहे: अंदाजाचा हिशोब रंगाशेजारी छापायचा. किती उरलं, गेल्या तीन आठवड्यांत खरा वेग किती होता, भागाकार काय आला. "पुढच्या आठवड्यापासून वेग वाढेल" हे वाक्य हिशोबात धरायचं नाही; वाढल्यावर धरू. असा भागाकार स्पॉन्सरही कागदावर तपासू शकतो.

जिथे मोजायला काही नसतं तिथे हे चालत नाही, हे मान्य. सरकारी परवानगी अडकली असेल तर वेग कसला काढणार? तिथे मी उलटी तारीख काढतो: परवानगी कोणत्या दिवसापर्यंत आली तर शेवट सवलतीत बसतो. त्या दिवसाच्या चार आठवडे आधीपर्यंत अर्ज पुढे सरकत असेल तर हिरवा. त्यानंतर पिवळा, आणि मी कुणाला भेटणार, कधी, ते शेजारी. दोन आठवडे उरले की लाल, कारण आता स्पॉन्सरने स्वतः जाऊन बोलायचं किंवा तारीख हलवायची. हे चार आणि दोन आठवडे माझ्या अनुभवाचे आहेत. तुमच्या खात्यात फाइल किती दिवस फिरते त्यावरून ते बदला.