8 गुणिले 365
काम झटपट झालं, हाच माझा गुन्हा. मी इलेक्ट्रिशियन. एका घरी ईएलसीबी, म्हणजे वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच, वारंवार ट्रिप होत होता. एकेक सर्किट सुटं करून इन्सुलेशन तपासणारा मेगर लावला, तर गिझरचं एलिमेंट गेलेलं निघालं. बिलात किमान एक तास लावला आणि सोफ्यावर पसरलेले घरमालकांचे मेव्हणे ताडकन उठून बसले. इतका वेळ त्यांनी मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं होतं.

"20 मिनिटं 14 सेकंद," त्यांनी निकाल जाहीर केला. "त्यात तुम्ही पाणीही प्यायलात."

मग कॅल्क्युलेटर उघडला. माझा दर गुणिले 8, गुणिले 365. "अहो, तुम्ही तर माझ्या साहेबांपेक्षा जास्त कमावता!"

"रविवार धरून?" मी विचारलं.

"तुमचा स्वतःचा धंदा. तुम्हाला सुट्टी देणार कोण?"

यावर काय बोलणार? बहिणीकडे वळून ते म्हणाले, "पोराला उगाच कॉलेजात घातलंस."

माझा हिशेब त्यांना ऐकायचा नव्हता, म्हणून तुम्हाला ऐकवतो. आठवड्याला 5 दिवस धरले तर वर्षाचे 260 होतात. सण, सुट्ट्या, आजारपण यांचे 30 वजा करा, फोनच वाजत नाही असे आणखी 30 काढा. उरले 200. त्या दिवसांतही आठच्या आठ तास बिलात येत नाहीत. जाणं-येणं, सामान आणणं, फुकटचे अंदाजपत्रक देणं (ते दाखवून लोक दुसऱ्याकडून भाव पाडून घेतात, ते वेगळंच) यात दिवस जातो. सव्वापाच तास हाती लागले तरी नशीब. म्हणजे वर्षाला 1050 तास.

आता पैसे. नाणं कुठलंही घ्या. घरखर्चाला वर्षाला 1200 लागतात आणि नफ्यावर 20 टक्के कर आहे. इथे भलेभले 1200 वर 20 टक्के चढवून 1440 धरतात. पण कर त्या 1440 वर बसतो आणि हातात 1152 च राहतात. 1200 ला 0.8 ने भागायचं: 1500. गाडी, हत्यारं, मेगरचं कॅलिब्रेशन, विमा, फोन यांचे 600 त्यात मिळवा. ते खर्च नफ्यातून आधीच वजा होतात, म्हणून त्यांच्यावर कर नाही. झाले 2100. भागिले 1050, म्हणजे तासाला 2.

मेव्हण्यांच्या पद्धतीने 1200 भागिले 2920 केलं, तर तासाला 0.41 येतात. जवळपास पाचपट फरक! आणि त्यांच्या दराने कामं घेतली, तर 1050 तासांचे 431 मिळतील. घरखर्च राहू द्या, त्यात गाडी-हत्यारांचे 600 सुद्धा निघत नाहीत.

शिवाय माझ्या हिशेबात बुडीत बिलं धरलेलीच नाहीत. 20 बिलांतलं एक जरी बुडालं, तरी 2 ला 0.95 ने भागून दर 2.11 करावा लागेल. म्हणजे बुडवणाऱ्याचे पैसे वेळेवर देणाऱ्यांनी भरायचे. हे मला पटत नाही, तरी दर 2.11 च लावणार.